शाबासकी टोचते तेव्हा

व्हिएतनामहून परतलेल्या एका अमेरिकन सैनिकाने आपल्या डॉक्टरला सांगितलेली ही हकीकत. रात्रीची वेळ होती. किनाऱ्याला होड्या लागल्या होत्या आणि त्यांतून शत्रूची शस्त्रं उतरवली जाताहेत अशी खबर होती. तुकडीने गोळ्यांचा पाऊस पाडला. उजाडल्यावर पाहतात तो शस्त्रांचा पत्ता नाही, पडलेले सगळे मासेमारी करणारे कोळी आणि त्यांची पोरं. सैनिकांना काय करावं ते सुचेना. वरून निरोप आला की काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेतो. आणि सांभाळलंही. मेलेल्यांची नोंद शत्रू म्हणून झाली, आकडा वर गेला आणि तुकडीचा सन्मान झाला.

हे ऐकणारे डॉक्टर जोनाथन शे बोस्टनमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ होते. ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. अशा दुखण्याला ते ‘मॉरल इंज्युरी’ म्हणू लागले, आपण नैतिक जखम म्हणू. त्यांच्या मते ती व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. जे योग्य आहे त्याचा विश्वासघात होतो. तो करणारा माणूस अधिकाराच्या खुर्चीवर बसलेला असतो. आणि प्रसंग जिवाशी गाठ असलेला असतो. वरच्या हकीकतीत गोळीबार हा त्या सैनिकाचा पहिला घाव होता, पण आतवर गेला तो दुसरा, सन्मानाचा. चूक झाली असं कोणी म्हणालं असतं तर निदान शोक तरी करता आला असता. शाबासकी मिळाल्यावर माणूस कोणाजवळ रडणार?

तोवर युद्धाच्या मानसिक परिणामांचा विचार मुख्यतः भीतीच्या अंगाने होत होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली ‘पीटीएसडी’ हा आजार आला तो त्याच धर्तीवर. फटाका वाजला की टेबलाखाली शिरणारा माणूस भीतीचा रुग्ण आहे. त्याचं शरीर अजून रणांगणावरच आहे. त्याला सुरक्षित जागी बसवून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. हळूहळू भीतीची धार बोथट होते, कारण धोका आता खरोखरच उरलेला नसतो. पण ज्याला ती पोरं दिसतात त्याने हाच प्रसंग शंभरदा सांगितला तरी काय फरक पडणार? पोरं मेलेलीच आहेत. ‘तुझा काही दोष नव्हता’ असं म्हणावं तर ते त्याला खोटं वाटतं, आणि थोडंफार ते खोटं असतंही.

ब्रेट लिट्झ या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००९ मध्ये या कल्पनेची चौकट रुंद केली. वरिष्ठांनी दगा द्यायलाच हवा असं नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण स्वतः काही वावगं केलं, डोळ्यांदेखत होताना पाहिलं, थांबवता येत असून थांबवलं नाही, तरी ही जखम होते. शे यांचं बोट वरच्या खुर्चीकडे आहे आणि लिट्झ यांचं स्वतःच्या हाताकडे. मला हा फरक नुसता पंडितांचा वाद वाटत नाही. कारकुनाकडे येऊ तेव्हा ही दोन्ही बोटं एकाच माणसावर रोखलेली दिसतील.

शे यांनी होमरचा आधार घेतला. आपल्याकडे अर्जुनाच्या विषादावर एवढं लिहिलं गेलं की युद्ध संपल्यावरच्या युधिष्ठिराकडे आपलं लक्षच जात नाही. अर्जुनाचा विषाद लढण्याआधीचा होता, तो उपदेशाने मिटला. युधिष्ठिराचा लढून झाल्यावरचा. कर्ण आपला सख्खा भाऊ होता हे कळल्यावर त्याला जिंकलेलं राज्य नको झालं आणि भाऊ, द्रौपदी, ऋषी असे एकामागून एक त्याला समजवायला बसले. शांतिपर्वाची सुरुवातच या समजावणीने होते. क्षत्रियाचं कर्तव्य होतं, तू ते केलंस, असं सगळे सांगतात आणि त्याच्या मनाला ते पटत नाही. कर्तव्य होतं हे त्यालाही ठाऊक असतं. बोच तरीही जात नाही.

युद्धाच्या बाहेर ही कल्पना प्रथम गाजली ती डॉक्टरांमुळे. वेंडी डीन आणि सायमन टॅलबट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक लेख लिहिला. डॉक्टर थकलेत, त्यांना योगासनं आणि सुटी द्या, असं जे चाललंय ते निदानच चुकीचं आहे, असं त्यांनी म्हटलं. रुग्णाला काय हवं ते डॉक्टरला कळतं, पण विमा कंपनी, रुग्णालयाचा नफा आणि संगणकावरचे रकाने ते करू देत नाहीत. थकवा माणसाच्या ताकदीचा प्रश्न आहे, हा त्याने घेतलेल्या शपथेचा आहे.

आपल्याकडे याची साक्ष त्याआधीच नोंदली गेली होती. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेशी जोडलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांची मनोगतं प्रसिद्ध केली. ‘कट’ ही डॉक्टरांच्या दुनियेतली नेहमीची बाब त्यांत आहेच. रुग्ण पाठवणाऱ्याला पाकीट पोचवायचं, न पोचवल्यास रुग्ण येणं बंद. मला मात्र जास्त बोलकी वाटते ती एका मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाची गोष्ट. दर महिन्याला त्याच्यासमोर आकडे मांडले जात. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांनाच तुम्ही शस्त्रक्रिया सांगता, हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं पाहिजे. अमक्या रुग्णावर नको असताना शस्त्रक्रिया करा, असं त्याला कोणीच सांगत नाही. सांगतात ती टक्केवारी. तिची गाठ कोणत्या रुग्णाच्या पोटाशी घालायची हे डॉक्टरने ठरवायचं. हुकूम वरून आणि पाप हातावर, अशी ही वाटणी असते.

तरी डॉक्टरला समाजात मान असतो, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, फारच झालं तर स्वतःचा दवाखाना थाटता येतो. सैनिकाच्या बाजूने निदान सबंध देशाची सहानुभूती असते. खिडकीमागे बसलेल्या कारकुनाला यातलं काही नाही. कारकुनाला सदसद्विवेक असतो हेच मुळात आपण गृहीत धरत नाही. त्याच्याविषयीचे आपले विनोद पाहिले तरी हे कळतं. म्हणून त्याच्यावरच जरा रेंगाळू. त्यासाठी ऑस्ट्रेलियात जाऊ, कारण तिथे हा प्रकार शपथेवरच्या साक्षींसह कागदावर आला आहे.

ऑस्ट्रेलियात बेकारांना, विद्यार्थ्यांना, आजाऱ्यांना सरकारी भत्ता मिळतो. तो देणारी कचेरी ‘सेंटरलिंक’. भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याला आपली कमाई कळवायची आणि त्यानुसार त्या पंधरवड्याचा भत्ता कमीजास्त व्हायचा. आयकर खात्याकडे मात्र वर्षाची एकूण कमाई असते. दोन्हींत तफावत दिसली की पूर्वी सेंटरलिंकचा कर्मचारी फाइल उघडायचा, मालकाकडे विचारणा करायचा, कोणत्या पंधरवड्यात किती पैसे मिळाले ते लावून पाहायचा आणि मगच वसुली काढायचा. काम वेळखाऊ होतं, म्हणून वर्षाकाठी साधारण वीस हजार प्रकरणंच हाती घेतली जात.

२०१५ मध्ये चाचणी होऊन पुढच्या वर्षी नवी पद्धत सरसकट लागू झाली. लोकांनी तिला ‘रोबोडेट’ असं नाव ठेवलं. आता संगणक वर्षाच्या कमाईला २६ पंधरवड्यांनी भागणार, तो सरासरी आकडा प्रत्येक पंधरवड्याला चिकटवणार आणि फरक निघाला की पत्र जाणार. वर्षाला वीस हजारांची पत्रं आठवड्याला वीस हजारांवर गेली.

हा भागाकार चुकतो कुठे? समजा, एक मुलगी वर्षाचे पहिले १३ पंधरवडे बेकार होती. तिने कमाई शून्य कळवली आणि दर वेळी ५०० डॉलर भत्ता घेतला, अगदी नियमाप्रमाणे. मग नोकरी लागली. तिने भत्ता सोडला आणि उरलेल्या १३ पंधरवड्यांत दर वेळी २,००० डॉलर कमावले. वर्षाची कमाई २६,००० झाली. भागिले २६, म्हणजे पंधरवड्याला १,०००. आता संगणकाच्या मते बेकारीच्या काळातही ती दर पंधरवड्याला हजार डॉलर मिळवत होती आणि ते तिने लपवलं. तेवढ्या कमाईवर भत्ता मिळत नाही असं सोयीसाठी धरलं तर १३ गुणिले ५००, म्हणजे साडेसहा हजार डॉलरचं कर्ज तिच्या नावावर चढलं. त्यावर दहा टक्के वसुली शुल्क, आणखी ६५०. जिने एक पैसाही खोटा घेतला नाही तिच्यावर ७,१५० डॉलरचा बोजा! हे खोटं आहे असं तिला सिद्ध करायचं असेल तर पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या तिनेच शोधून आणायच्या. उत्तर दिलं नाही तर कर्ज पक्कं, आणि पुढे प्रकरण वसुली करणाऱ्या खासगी कंपनीकडे.

आता खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करा. पंधरवड्याचा हिशेब करण्यात त्याची उमेद गेली आहे. स्क्रीनवरचा आकडा खोटा आहे हे त्याला नजर टाकताच कळतं. कित्येकदा खरी माहिती त्याच फाइलमध्ये पडलेली असते, पण नव्या पद्धतीत ती पाहून दुरुस्ती करायची नाही. फोनवर माणूस रडकुंडीला आला तरी त्याला ऑनलाइन जाऊन माहिती भरायला सांगायचं. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगासमोर कर्मचाऱ्यांनी हे सांगितलं. त्यांतली एक जुनीजाणती कर्मचारी. तिने २०१७ च्या सुरुवातीला थेट खात्याच्या सचिवांना पत्र लिहिलं. पद्धत कुठे आणि कशी चुकते हे तिने मुद्देसूद मांडलं आणि आपण आपल्याच लोकांचे पैसे चोरतो आहोत, इतक्या उघड शब्दांत सांगितलं. वरिष्ठांशी तिचं बोलणंही झालं. बदललं काही नाही. त्याच वर्षी तिने नोकरी सोडली.

तिचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. अशी सरासरी कायद्यात बसत नाही, असा सल्ला सरकारच्याच एका खात्यातल्या वकिलांनी २०१४ च्या अखेरीस दिला होता. तो बाहेर आला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला माघार घ्यावी लागली, नंतर पैसे परत करावे लागले. चार लाखांहून अधिक लोकांकडून बेकायदा वसुली काढली गेली होती आणि आत्महत्या केलेल्या मुलांच्या आया आयोगासमोर उभ्या राहिल्या. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. त्यात वरच्या अधिकाऱ्यांवर आणि मंत्र्यांवर कडक ताशेरे आहेत.

या प्रकरणात माझं लक्ष एका बारीक गोष्टीने वेधलं. जुन्या पद्धतीतही हे कर्मचारी वसुलीच करत होते. गरिबाकडून पैसे परत मागणं काही सुखाचं काम नव्हे. तरी तेव्हा अशी ओरड नव्हती, कारण फाइल उघडून पाहायची मुभा होती. चूक दिसली तर थांबता येत होतं. मायकेल लिप्स्की या अभ्यासकाने १९८० मध्ये दाखवून दिलं होतं की सरकारचं धोरण प्रत्यक्षात घडतं ते खिडकीवर. तिथला माणूस कुठे ढील देतो, कुठे आवळतो, त्यावर ते ठरतं. आपण या ढिलाईला लाचखोरीचं मूळ समजतो आणि पुष्कळदा ती असतेही. पण कारकुनाची मान ताठ राहते तीही तिच्याच जोरावर. नव्या पद्धतीने ती मुभा काढून घेतली आणि आकड्याखाली सही करायला माणूस मात्र ठेवला. हात त्याचा आणि निर्णय दुसऱ्याचा. शे आणि लिट्झ यांची दोन बोटं एकाच खुर्चीवर येतात ती अशी.

यासाठी संगणकाचीच गरज असते असं नाही, टार्गेटही पुरतं. बँकेत मुदत ठेव संपल्यावर नूतनीकरणाला आलेल्या पेन्शनर आजींना विम्याची पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रकार बऱ्याच घरांना माहीत असेल. आजींना वाटतं, ठेवच आहे, व्याज जरा जास्त. पुढच्या वर्षी हप्त्याचा फोन येतो तेव्हा कळतं की पैसे दरवर्षी भरायचे आहेत. काउंटरवरच्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आजी त्याला नावाने हाक मारतात, नातवाच्या मुंजीची पत्रिका देऊन गेल्या आहेत, म्हणून तर त्यांनी न वाचता सही केली. आणि महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर त्याचंच नाव घेतात, टाळ्या वाजतात.

थकवा आणि नैतिक जखम यांतला फरक ओळखायची एक बरी खूण इथे सापडते. थकलेल्या माणसाला शाबासकी दिली तर त्याला थोडं बरं वाटतं. जखम झालेल्याला ती टोचते. तो प्रशस्तिपत्रक घरी दाखवत नाही, बढतीचा अर्ज भरत नाही, कौतुक सुरू झालं की विषय बदलतो. थकलेला चार दिवस गावी जाऊन ताजातवाना होतो. याला रिकामा वेळ मिळाला की तोच चेहरा समोर येतो. भित्रा धोक्यापासून पळतो आणि हा माणसांपासून, त्यातही आपल्याला चांगलं समजणाऱ्यांपासून. काहींच्या बाबतीत सगळं उलट्या दिशेने जातं. ‘सगळे चोरच आहेत’ हे वाक्य त्यांच्या तोंडी बसतं, आणि समोरच्या गरजू माणसावर ते उगाचच वसकन ओरडतात. खिडकीवरचा तो नेहमीचा खेकसणारा माणूस दर वेळी उर्मटच असतो असं नाही. समोरच्याला लबाड ठरवलं की आपल्या हातून होणारं काम थोडं सोपं जातं.

हा स्वतंत्र आजार म्हणून मोजला जात नाही आणि त्यावर गोळीही नाही. नैराश्य किंवा झोप उडणं सोबत आलं तर त्यावर उपचार होतात आणि ते घ्यावेत. जखमेसाठी लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांसाठी एक पद्धत बसवली आहे. ज्याच्याबद्दल मनात आदर आहे आणि ज्याचं आपल्यावर प्रेम आहे, असा एखादा माणूस समोर बसला आहे अशी कल्पना करायची. एखादा जुना उस्ताद, आजोबा, मेलेला सोबती. त्याला मोठ्याने सगळं सांगायचं, काहीही न झाकता. मग त्याच्या तोंडून उत्तर द्यायचं. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून ‘तू निर्दोष आहेस’ हे येतच नाही. ‘वाईट केलंस, आता पुढे काय करणार?’ असं काहीसं येतं. म्हणून पुढची पायरी भरपाईची असते. ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून देता आलं तर उत्तमच. नाही तर तशाच कोणासाठी प्रत्यक्ष हातांनी काही करायचं. अपराधीपणा घालवून टाकण्यापेक्षा त्याला वाजवी मापात आणण्याचा हा प्रयत्न आहे. माझा वाटा एवढा, साहेबांचा एवढा, धोरणाचा एवढा.

इथे एक धोकाही आहे. जखम झाली म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ज्या मुलीवर सात हजारांचं कर्ज चढलं तिचं दुःख आधी, पत्र पाठवणाऱ्याचं नंतर. शिवाय ही संज्ञा आता इतकी बोकाळली आहे की कामाच्या साध्या कटकटीलाही ती चिकटवली जाते, आणि ज्यांनी धोरण आखलं तेही उद्या तिच्या आड लपायला मोकळे. कोणाचे हात किती बांधलेले होते, हे दर वेळी तपासावंच लागेल.

जखम होण्याआधी काही करता येतं का? आपल्या सरकारी नोकरीच्या नियमांत एक आडवळणी तरतूद आहे. वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी द्यावा लागला तर नंतर लेखी पक्का करावा, आणि कनिष्ठाने तसा तो मागून घ्यावा, असं केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांचा रोखही तोच. टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये यावर जोर दिला, तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून ठेवावेत असं सांगितलं. कचेरीत मुरलेले लोक हे आधीपासून जाणतात. ‘साहेब, फाइलवर शेरा मारून द्या’ एवढं एक वाक्य पुष्कळ तोंडी हुकूम जागच्या जागी विरघळवतं. जे विरघळत नाहीत ते निदान कोणाच्या अक्षरात आहेत हे कागदावर राहतं. टिपणीत आपला विरोध दोन ओळींत लिहून खाली सही करता येते. मग फाइल वर गेली तरी त्या दोन ओळी तिच्यासोबत जातात. वारंवार शेरा मागणाऱ्याची बदली गडचिरोलीला होते अशी धास्ती कचेऱ्यांत असते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. खासगी बँकेतल्या किंवा रुग्णालयातल्या माणसाला तर हा नियम लागूच होत नाही. तिथे टार्गेट मीटिंगमध्ये तोंडीच सांगितलं जातं आणि मीटिंगचं इतिवृत्त कोणी ठेवत नाही.